समोरून येणारा पाऊस

पायी चालणाऱ्याला पाऊस वरून भिजवतो, दुचाकीवरच्याला समोरून. छत्री, रेनकोट आणि पोंचो यांत बरं कोणतं यावर आमच्याकडे दर जूनमध्ये चर्चा होते, आणि प्रत्येक जण बोलतो ते वरून पडणाऱ्या पावसाबद्दल. डोकं झाकलं, खांदे झाकले, आता आणखी काय हवं, असा सगळ्यांचा सूर असतो. मग दहा मिनिटांत मांड्या भिजतात आणि दोष दुकानदाराला मिळतो.

मी चिपळूणला राहते आणि लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. बहादूरशेख नाका, वाशिष्ठीवरचा पूल, पुढे परशुराम घाटाची चढण आणि मग लोटे, असं एका बाजूचं पंधराएक किलोमीटरचं अंतर मी स्कूटरने करते. जुलैमध्ये आमच्याकडचा पाऊस सर येऊन जाण्यातला नसतो. सकाळी तो चालू असतो, संध्याकाळीही चालूच असतो, मधे केव्हा थांबला असेल तर ते कारखान्याच्या आत बसलेल्यांना कळत नाही. त्यामुळे ‘थोडा वेळ आडोशाला थांबू’ हा उपाय इथे चालत नाही. निघायचं ते भर पावसात आणि पोचायचं ते अंगावरच्या कपड्यांनी दिवसभर काम करता येईल अशा अवस्थेत.

पाऊस समोरून येतो म्हणजे नेमकं काय, हे एकदा आकड्यांत मांडून बघण्यासारखं आहे. मध्यम आकाराचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने खाली येतो, अगदी टपोरा थेंबही नऊ मीटरच्या आसपास. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. थेंब खाली येण्याच्या वेगापेक्षा आपण पुढे जाण्याचा वेग जास्त झाला की तो थेंब आपल्यासाठी आडवा होतो. वारा अजिबात नसला तरीही. म्हणूनच सिग्नलला उभं असताना डोक्यावर वाजणारा पाऊस गाडी निघाली की छातीवर वाजायला लागतो.

आता तासाला 30 मिलिमीटर पडेल असा जोराचा पाऊस धरू. आमच्या भागात असा पाऊस जुलैत नवलाचा नाही. ताशी 40 च्या वेगाने जाणाऱ्या माणसाची छाती, हात आणि मांड्या मिळून समोरून साधारण अर्धा चौरस मीटर जागा पावसाला सामोरी जाते. गणित केलं तर त्या जागेवर मिनिटाला 400 मिलिलिटरच्या जवळपास पाणी आदळतं. पंधरा किलोमीटरला बावीस-तेवीस मिनिटं लागतात, म्हणजे लोट्याला पोचेपर्यंत समोरून आठ-नऊ लिटर पाणी अंगावर येतं. काही थेंब वाऱ्याच्या झोताबरोबर बाजूने निघून जातात, स्कूटरचा पुढचा पत्रा नडग्या वाचवतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल. डोक्या-खांद्यांवर वरून पडणारं पाणी याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढंच असतं.

या आठ-नऊ लिटरचं काय होतं, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. छत्री, पोंचो आणि रेनकोट यांची तुलना करायची तर त्या पाण्याच्या मागे जायला हवं.

छत्रीपाशी हा हिशोब फार लवकर संपतो. गाडीवर छत्री धरणारा माणूस बहुतेक वेळा मागे बसलेला असतो. बायको, आई, शाळेतून आणलेली मुलगी. छत्री सरळ वर धरली तर समोरून येणारं पाणी तिच्याखालून आत येतं, म्हणून आपोआप ती पुढे झुकवली जाते. पुढे झुकवली की चालवणाऱ्याला रस्ता दिसत नाही, म्हणून ती पुन्हा मागे घेतली जाते. मागे घेतली की तिच्या पोटात वारा शिरतो. मीटरभर व्यासाची छत्री ताशी 40 च्या वेगाला वाऱ्यासमोर पूर्ण उघडी आली तर धरणाऱ्याच्या हाताला सात-आठ किलोचा ओढा बसतो. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर छत्रीच्या लेखी वेग 60 होतो आणि ओढा सतरा किलोच्या घरात जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो.

एका हाताने दांडा धरलेला, दुसरा हात पिशवीवर किंवा पुढच्याच्या खांद्यावर, साडी असेल तर एका बाजूला पाय टाकून बसणं, आणि वाशिष्ठीच्या पुलावर नदीवरून आडवा येणारा वारा. अशा वेळी छत्रीचा कावळा झाला तर ते सुदैव समजावं, कारण काड्या उलटल्या की ओढा कमी होतो. मजबूत छत्री उलटत नाही, ती माणसाला मागे खेचते. मागे बसलेल्याच्या पाठीशी धरायला काही नसतं. केरळच्या मोटार वाहन विभागाने 2021 मध्ये दुचाकीवर छत्री उघडायला बंदी केली, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. तिथला पाऊस आमच्यासारखाच आहे, आणि ती बंदी मला पूर्ण पटते.

चालवणाऱ्याने स्वतःच छत्री धरण्याचा प्रकार गावातल्या गावात अजून दिसतो. स्कूटर चालवताना मोकळा राहू शकतो तो डावा हात, कारण उजव्याने रेस धरलेली असते. पण स्कूटरला मागचा ब्रेक डाव्या हातात असतो, आणि आताच्या गाड्यांत तोच दाबला की पुढचाही थोडा लागतो. ओल्या रस्त्यावर ज्या ब्रेकवर भिस्त ठेवायची तोच हात छत्रीला दिला जातो. उरतो उजव्या हातातला पुढचा ब्रेक, जो शेवाळ धरलेल्या किंवा चिखल आलेल्या रस्त्यावर एकटा दाबला तर पुढचं चाक घसरतं.

तरीही माझ्या डिकीत छत्री असतेच. गाडी लावल्यावर पार्किंगपासून प्रयोगशाळेपर्यंत, बाजारात गाडी लावून भाजीवाल्यापर्यंत, बँकेच्या दारापर्यंत छत्रीसारखं दुसरं काही नाही. पायी चालताना पाऊस वरून येतो आणि छत्री त्याच पावसासाठी आहे. एक सुचवेन, डिकीत मावते म्हणून तीन घड्यांची छोटी छत्री घेऊ नका. तिच्या काड्यांना जितके सांधे तितक्या मोडायच्या जागा. दोन घड्यांची, जाड काडीची छत्रीही सीटखाली तिरकी बसते.

पोंचोवर आमच्याकडे दोन टोकाची मतं आहेत आणि दोन्हीला कारण आहे. पोंचो म्हणजे मधे डोकं घालायला भोक असलेलं एकच मोठं कापड, बाजूंना टिचबटणं. भर रस्त्यात पाऊस आला तर तो अर्ध्या मिनिटात अंगावर चढतो. रेनकोटाची पँट बुटांवरून चढवायला एका पायावर उभं राहून जी कसरत करावी लागते ती इथे नाही. पाठीवरची सॅक त्याच्याखाली झाकली जाते. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे घाम येत नाही, कारण खालून हवा खेळती राहते.

माझे सासरे पूर्वी भातलावणीला इरलं घेऊन जात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, आणि ते डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठीवर. हात मोकळे, हवा खेळती, आणि वाकून काम करताना पाठ अगदी कोरडी. एकदा मी पोंचो घालून निघाले तेव्हा ते अंगणात आले, त्याची कड हातात धरून बघितली आणि म्हणाले, “सूनबाई, आम्ही इरलं घेताना पावसाला पाठ द्यायचो. तू त्याला तोंड देऊन चाललीस. पुढची बाजू कशी धरून राहणार?” पोंचोतली नेमकी अडचण त्यांनी त्या एका प्रश्नात सांगितली. पोंचो पाठीसाठी आणि खांद्यांसाठी उत्तम आहे. समोरची बाजू मात्र सैल लोंबती असते, आणि गाडीवर सगळा मारा तिथेच होतो.

पुढची बाजू धरून ठेवली नाही तर ती वाऱ्याने उडून थेट तोंडावर येते. हेल्मेटच्या काचेवर ओलं प्लास्टिक चिकटलं की तो एक सेकंद फार लांब असतो. व्हिएतनाममध्ये लाखो लोक पावसात पोंचो घालूनच दुचाकी चालवतात, पण तिथे त्याची पुढची बाजू हँडलवरून, आरशांवरून पुढे टाकलेली असते, आणि काहींना पुढच्या दिव्यासमोर येईल असा पारदर्शक तुकडा जोडलेला असतो. छातीवर आदळलेलं पाणी मग हँडलवरच्या कापडावरून थेट गाडीच्या पुढे ओघळतं, मांडीत साठत नाही. हात, मांड्या, गुडघे सगळं त्या एका छपराखाली राहतं. ही पद्धत शहरातल्या हळू वाहतुकीची आहे, ताशी पंचवीस-तीसची. मी ती चिपळुणात बाजारपेठेत फिरताना वापरून पाहिली आहे आणि तेवढ्या वेगाला ती खरोखर चांगली चालते. फक्त इंडिकेटरचं बटण आणि हॉर्न कापडाखाली जातात, ते बोटांनी चाचपून दाबायची सवय हवी, आणि वळताना कापड हँडलमध्ये अडकणार नाही एवढी ढील ठेवायला हवी.

घाटात मात्र पोंचो नको. वेग वाढला की तो फुगतो, आणि बाजूने मोठा ट्रक गेला की त्याच्या झोताने फुगलेलं कापड गाडीला एका बाजूला ढकलतं. त्याहून वाईट मागची बाजू. उडणारं टोक मागच्या दिव्यावर आणि इंडिकेटरवर पडलं तर मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसतच नाही, आणि तेही अशा वेळी जेव्हा तिच्या काचेवरून पाणी धो धो वाहत असतं. मोटारसायकल असेल तर तेच टोक चाकात जाऊ शकतं. मोटारसायकलला साडीगार्ड कायद्याने बसवलेलं असतं ते पदर आणि ओढणी चाकात जाऊन झालेल्या अपघातांमुळे, पण ते एकाच बाजूला असतं. पोंचो दोन्ही बाजूंनी लोंबतो. जाड प्लास्टिक चाकाभोवती गुंडाळलं गेलं तर ते गळ्यातूनच ओढतं, कारण तो डोक्यातून घातलेला असतो. म्हणून कुणी पोंचो घालणारच असेल तर मी एवढंच सांगते, मागचं टोक गोळा करून त्यावर बसा आणि कमरेला वरून पट्टा बांधा. पट्टा बांधला की तो निम्मा रेनकोट होतो आणि हवा खेळायचं सुखही निम्मं जातं. ते जाऊ द्यावं.

राहिला रेनकोट. रोजच्या लांब अंतराला, भर पावसाळ्यात, माझं उत्तर हेच आहे. पण रेनकोट या नावाखाली दुकानात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात आणि बायकांना त्यातली चुकीची दाखवली जाते. “वहिनी, लेडीज रेनकोट ना? हा बघा,” म्हणून समोर येतो तो गुडघ्यापर्यंतचा लांब कोट. ड्रेसवर चालतो, साडीवर चालतो, रंगही छान असतात. उभं राहून आरशात बघितलं की सगळं झाकलेलं दिसतं. स्कूटरवर बसलं की त्याची शेवटची दोन-तीन बटणं उघडावी लागतात, नाहीतर गुडघे वाकत नाहीत. उघडली की कोट दोन्ही बाजूंना पडतो आणि मांड्या, गुडघे उघडे. नेमकी ज्या जागेवर पाणी सगळ्यात जास्त येतं ती जागा. हा कोट चालत जाणाऱ्या बाईसाठी शिवलेला आहे. गाडी चालवणाऱ्या बाईने पुरुषांसारखा पँट आणि जॅकेटचा सूट घ्यावा, कुर्त्याची कड पँटमध्ये कोंबावी, ओढणी घडी करून डिकीत टाकावी. साडी नेसणाऱ्या माझ्या मैत्रिणी पँटमध्ये निऱ्या नीट बसत नाहीत म्हणून लांब कोटाकडे वळतात. त्यातल्या एकीने शोधलेला उपाय मला आवडतो. ती कुर्त्यावर निघते आणि साडी कारखान्यात नेसते.

रेनसूट घातला की ते आठ-नऊ लिटर पाणी छातीवर आदळून खाली ओघळतं आणि मांडीत जमतं. बसल्यावर पोट आणि मांड्यांच्या मधे जो खळगा होतो तिथे चक्क डबकं होतं. ब्रेक लावला की ते पुढे सरकतं, रेस दिली की पोटाकडे येतं. खाली सीट ओली, वर डबकं, आणि मधे रेनपँटची जांघेची शिवण, जिथे चार तुकडे एकत्र येतात. रेनकोट गळतो तो बहुतेक वेळा इथेच.

कापडावर लोक फार बोलतात. त्यावर 2000, 3000, 5000 मिलिमीटर असे आकडे लिहिलेले असतात. पाण्याचा किती उंच स्तंभ त्यावर उभा केला तर पाणी आरपार यायला लागेल, याचं ते माप. ताशी 40 ला समोरच्या वाऱ्याचा दाब कापडावर किती येतो तर अवघ्या सात-आठ मिलिमीटर पाण्याएवढा. थेंबाचा मारा त्याहून जास्त असतो हे खरं, तरी बऱ्यापैकी कोटिंग असलेलं कुठलंही कापड छातीवरचा पाऊस अडवतं. बसण्याची जागा वेगळी. वजनाने ओल्या सीटवरच्या कापडावर सरासरी चार-पाचशे मिलिमीटर पाण्याएवढा दाब येतो, आणि बसायच्या हाडांखाली त्याच्या कितीतरी पट. तो दाब अर्धा तास, खड्ड्याखड्ड्याला घासत. तिथे कापड टिकलं तरी शिवणीत सुईने पाडलेली भोकं असतात, आणि पाणी त्यातून येतं.

म्हणून दुकानात मी कापड चाचपत बसत नाही. पँट उलटी करते आणि जांघेच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ती सलग आहे का, चार शिवणी मिळतात तिथे वर आणखी एक तुकडा आहे का, एवढं बघते. घरी आणल्यावर एक परीक्षा घ्यावी. पँट उलटीच ठेवायची, म्हणजे पावसाची बाजू आत जाते. दोन्ही पाय आणि कंबर चिमटे लावून दोरीवर अडकवायची, जेणेकरून जांघेचा भाग खाली झोळीसारखा लोंबेल, आणि कमरेतून तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं. दहा मिनिटांनी शिवणीवर हात फिरवायचा. बोट ओलं झालं तर पँट दुकानात परत न्यायची, पावती असेपर्यंत. हे मेमध्ये करावं. जुलैमध्ये दुकानदार ऐकून घेत नाही, आणि तेव्हा दुसरी पँट शोधायला आपल्याला वेळही नसतो.

जाड पीव्हीसीचा सूट स्वस्त असतो आणि त्याच्या शिवणी बऱ्याचदा उष्णतेने जोडलेल्या असतात, त्यामुळे नवा असताना तो थेंबही आत येऊ देत नाही. पण तो ताठ असतो, घडीवर चिरतो, आणि जांघेत ताण आला की जोड उसवतो. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, आतून कोटिंग दिलेला सूट महाग पडतो, पण अंगाबरोबर वाकतो. मी दुसऱ्या बाजूची आहे. फक्त पँट नेहमीपेक्षा एक माप मोठी घेते, म्हणजे बसल्यावर शिवण ताणली जात नाही.

डबकं मुळात होऊच नये यासाठी जॅकेट लांब हवं, बसल्यावर मांडीच्या मध्यापर्यंत येईल असं. ते पँटवरून बाहेर सोडायचं आणि पुढची कड मांड्यांवरून गुडघ्यांकडे ओढून घ्यायची, म्हणजे पाणी मांडीवरून पायांशी ओघळतं. आखूड जॅकेट बसल्यावर पोटाशी गोळा होतं आणि त्याच्या कडेखालून पाणी पँटच्या इलॅस्टिकमध्ये शिरतं. मग माणूस म्हणतो, पँट गळते.

पाणी शिरायच्या बाकीच्या जागा तीनच, चेन, मनगट आणि मान. चेन कुठलीही असो, तिच्यावर झाप हवी, आणि झापेच्या आत पाणी अडवायला दुसरी घडी असली तर फारच उत्तम. काही जण यावर उपाय म्हणून कोट उलटा घालतात, चेन पाठीवर. पाण्याच्या बाबतीत ते बरोबर आहेत. पण चेन लावायला दुसरा माणूस लागतो, आणि पडलं-झडलं तर घाईने कोट काढता येत नाही, म्हणून मी ते करत नाही. मनगटाचं असं की हँडल धरलेल्या हाताच्या बाहीचं तोंड सरळ पावसाकडे असतं. नुसतं इलॅस्टिक पुरत नाही, वरून वेल्क्रोची पट्टी आवळता आली पाहिजे, आणि हातमोजे घालत असाल तर त्यांची कड बाहीच्या आत हवी. बाहेर राहिली तर मोजा पाणी गोळा करून बाहीत ओततो.

मानेचा त्रास सगळ्यात फसवा आहे. हेल्मेटच्या मागच्या कडेवरून पाण्याची धार बरोबर मणक्यावर पडते. रेनकोटाची टोपी हेल्मेटच्या आत घातली तर हेल्मेट नीट बसत नाही आणि मान वळवली की टोपी वळत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणारी गाडी दिसेनाशी होते. टोपी बाहेर नुसती सोडली तर ती पाठीवर उघडी पिशवी होऊन भरत राहते आणि खाली वाकलं की सगळं पाणी मानेत. टोपी काढता येत असेल तर काढावी, नाहीतर गुंडाळून कॉलरच्या आत दाबावी. कॉलर उंच हवी आणि गळ्याशी पूर्ण बंद होणारी. गळ्याला रुमाल बांधायचा तर त्याचं टोक कोटाबाहेर राहता कामा नये. भिजलेलं टोक वातीचं काम करतं, पाणी ओढून आत आणतं, आणि शर्ट छातीपर्यंत ओला का झाला ते कळतच नाही.

एवढं सगळं बंद केल्यावर रेनकोटावरची जी खरी तक्रार आहे ती येते, घाम. ‘श्वास घेणारं’ कापड म्हणून महागडे सूट विकले जातात. त्या कापडातून वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. कोकणात जुलैत बाहेरची हवाच पाण्याने जवळजवळ भरलेली असते, वाफेने जायचं तरी कुठे? त्या पैशांत मी पाठीवर झाप आणि झापेखाली जाळी असलेलं जॅकेट घेईन. पाऊस समोरून येतो, पाठ तुलनेने सुरक्षित असते, म्हणून तिथे हवेला वाट ठेवता येते. घाटात दरड आली, वाहतूक तुंबली आणि अर्धा तास एका जागी उभं राहावं लागलं की ही जाळी असूनही आतून ओलं व्हायला होतं. त्याला माझ्याकडे उपाय नाही. गळ्याशी चेन चार बोटं उघडायची आणि गाड्या हलायची वाट बघायची. उभ्या गाडीवर पाऊस वरून येत असतो, छातीवर नाही, म्हणून तेवढी चेन उघडी चालते. हलताना लावायची.

रंग मात्र उजळ हवा. आमच्याकडच्या दुकानांत काळे, निळे, राखाडी सूट भरलेले असतात, मळ दिसत नाही म्हणून. परशुराम घाटात ढग खाली उतरतात तेव्हा दिवसाही पन्नास फुटांवरचा माणूस धूसर होतो, आणि राखाडी कोटातला माणूस तर त्या धुक्याचाच रंग घेतो. माझा सूट पिवळा आहे. पाठीवर, हातांवर चमकणारी पट्टी आहे, आणि सॅक मी पायांशी ठेवते, म्हणजे ती पट्टी झाकली जात नाही.

मागे बसणाऱ्यासाठीही रेनसूटच हवा, फक्त त्याच्या जॅकेटची लांबी तितकी महत्त्वाची नाही, कारण समोरचा बराच पाऊस चालवणाऱ्याने अडवलेला असतो. त्याच्या पाठीवर मागच्या चाकाने उडवलेला चिखल येतो आणि पोटऱ्या सगळ्यात आधी भिजतात. त्याची पँट लांब घ्या, बुटांच्या बाहेरून येणारी. गमबूट घातले तरी पँट बाहेरूनच. आत खोचली की पँटवरचं सगळं पाणी गमबुटात उतरतं. शाळेच्या मुलांनाही हेच लागू. पाठीवर दप्तर आणि वरून पोंचो घातलेलं मूल स्कूटरवर मागे बसवलेलं दिसलं की मला ते लोंबतं टोक आधी दिसतं. दप्तराला वेगळं प्लास्टिकचं कव्हर मिळतं, मुलाला छोटा सूट मिळतो.

कारखान्यात पोचल्यावर सूट सायकल स्टँडच्या छपराखाली झटकायचा आणि आधी आतली बाजू बाहेर करून टांगायचा, कारण घामाचं ओलं तिथे असतं आणि संध्याकाळी तेच अंगाला लागतं. घडी करून डिकीत ओला ठेवला तर इंजिनच्या उष्णतेने त्याचं कोटिंग लवकर सुटतं. आतून पांढरे पोपडे निघायला लागले, किंवा पट्टीची कड नखाने उचलली जायला लागली की त्या सूटला चिकटपट्ट्या लावत बसण्यात अर्थ नसतो. जॅकेट आणखी एखादं वर्ष चालतं. पँट आधी जाते, म्हणून आता मी जिथे सुटी पँट मिळते अशाच ठिकाणाहून सूट घेते.